दत्तक बाळालाही सव्वा महिना द्या



आपल्या घरी सून बाळंत होते तेव्हा सव्वा महिना आपण किती जपतो, ते आठवा. दार अर्धं लोटलेलं असतं. बाहेरून आलेल्याला आधी हातपाय धुवायला सांगतो. बाळाला मंदिरात नेत नाही, लग्नकार्यात नेत नाही, कुणाच्याही हातात देत नाही. कुणी रागावलं तर आजी दारातूनच सांगते, "सव्वा महिना होऊ दे, मग या." आणि कुणाला त्याचं वाईटही वाटत नाही.

आता दुसरं चित्र बघा. दत्तक बाळ घरी येणार असं ठरलं की आपल्याकडे पहिली चौकशी हॉलची होते. दुसरी कॅटररची, तिसरी सोनाराची. गाडी दाराशी थांबते तेव्हा पन्नास माणसं उभी असतात, ढोल असतो, औक्षणाची तीन तबकं असतात, आणि दोन वर्षांचं एक मूल या हातातून त्या हातात फिरत असतं. रात्री स्टेटसवर फोटो येतात आणि खाली सगळ्या लिहितात, "किती शहाणी आहे, कुणाकडेही जाते!"

माझं म्हणणं असं की या मुलालाही तोच सव्वा महिना मिळाला पाहिजे. जन्मलेल्या बाळापेक्षा त्याला त्याची गरज जास्त आहे. जन्मलेलं बाळ निदान आईचा आवाज आणि वास ओळखत येतं. या मुलानं एका दिवसात ओळखीचं सगळं गमावलेलं असतं: सांभाळणाऱ्या मावश्या, शेजारच्या खाटेवरचं मूल, तिथली भांडी, तिथला दिवा. ते सगळं कसंही असलं, तरी त्याचं तेवढंच होतं.

"पण दत्तकविधान चारचौघांत व्हायलाच हवं, ही आपली रीत आहे," असं मला दोन ज्येष्ठ काकूंनी सुनावलं. रीत होती, हे खरं आहे. पण ती का होती? आपल्या समाजात दत्तक बहुतेक भाऊबंदांतला मुलगा असे, आणि प्रश्न वारसाचा आणि दुकानाचा असे. जैन विधवेला पतीच्या परवानगीशिवायही दत्तक घेता येतं ही आपली रूढी 1878 साली थेट प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेली आणि मान्य झाली, ती अशाच वादातून. अशा वादात उद्या कोर्टात उभं राहून "मी पाहिलं" असं सांगणारी माणसं लागत. 1956 चा दत्तक कायदा आपल्यालाही लागू आहे, आणि त्यातही मूल प्रत्यक्ष देणं आणि घेणं आवश्यक मानलं आहे. म्हणून गर्दी लागे. पगडी, शेला, सोन्याची कंठी हे त्या साक्षीचे दागिने होते.

आज संस्थेतून मूल येतं ते 2015 च्या बाल न्याय कायद्याखाली. नोंदणी, घरभेट, मुलाचा अहवाल, वैद्यकीय तपासणी हे सगळं होतं. मूल घरी येतं तेव्हा ते दत्तकपूर्व संगोपनात असतं, आणि नंतर लेखी दत्तक आदेश निघतो. साक्ष त्या कागदावर आहे. हॉलमधल्या तीनशे माणसांची मुलाला गरज नाही, कायद्याला तर नाहीच. मग ती कुणाला आहे, ते आपणच आपल्याला विचारावं. शिवाय आदेश यायच्या आधी फोटो गावभर फिरवणं चुकीचंच आहे. मुलाची ओळख जपणं हे पालकांचं काम आहे, आणि संस्थाही तसं सांगते.

आता भेटीविषयी. चेन, कडं, चांदीची वाटी, बॅटरीवर चालणारी गाडी, माणसाएवढं अस्वल... हे सगळं देणाऱ्याच्या हौसेचं आहे. दोन वर्षांच्या मुलाच्या गळ्यात चेन तर अडकायचा धोकाच. आणि ज्या मुलानं आजवर सगळी खेळणी वाटून घेतली, ज्याचं स्वतःचं असं काही नव्हतं, त्याच्यासमोर एकदम तीस डबे उघडले तर ते एकही धरत नाही. एक उचलतं, टाकतं, दुसरं उचलतं, आणि थोड्या वेळानं किंचाळायला लागतं. मग आपण म्हणतो, हट्टी दिसतंय.

भेट एकच द्या, आणि ती मूल घरी येण्याआधी द्या.

माझ्या मावसबहिणीनं काय केलं ते सांगते, कारण ते आपल्या कुणालाही जमण्यासारखं आहे. तिला मिळालेली मुलगी सव्वादोन वर्षांची होती. संस्थेत पहिल्यांदा भेटायला जाण्याआधी तिनं स्वतःच्या दोन जुन्या, मऊ झालेल्या सुती साड्यांची गोधडी शिवली. मोठी गोधडी शिवली आणि कापून दोन सारखे तुकडे केले, प्रत्येक साधारण हातभर लांबीचा. कडा दुमडून पक्क्या शिवल्या, लेस नाही, मणी नाहीत, बटणं नाहीत. पाच रात्री दोन्ही तुकडे उशाशी घेऊन झोपली. मग एक तुकडा संस्थेत दिला आणि दुसरा घरी ठेवला. एक धुवायला गेला तर दुसरा हाताशी असावा, एवढाच दोनचा हेतू.

गोधडीबरोबर एक छोटी चित्रवही दिली. आठ पानं, जाड पुठ्ठ्याची. आई, बाबा, आजी, घराचं दार, तिची गादी, न्हाणीघरातली तिची बादली, तिची वाटी आणि शेवटच्या पानावर संस्थेतल्या त्याच मावशीचा फोटो, जी तिला रोज भरवायची. तो फोटो अर्थात संस्थेची परवानगी घेऊनच काढला. मावशींनी आठवडाभर रोज ती वही मुलीला दाखवली. मुलगी घरी आली तेव्हा दारातच थबकली, दाराकडे बोट केलं आणि वही मागितली. दार तिनं ओळखलं होतं.

गोधडी येताना तिच्याबरोबर परत आली. तिला संस्थेचा वास होता, खोबरेल तेलाचा आणि फिनाइलचा. सासूबाईंनी लगेच भिजत घालायला घेतली, तर बहिणीनं थांबवलं. पहिले पंधरा दिवस ती धुतली नाही. तो वास म्हणजे मुलीचं जुनं घर होतं, आणि त्यात हळूहळू नव्या घराचा वास मिसळायचा होता. मुलीच्या अंगावरचा फ्रॉकही तिनं संस्थेकडून मागून घेतला आणि बदल्यात नवे चार दिले. फक्त एक लक्षात ठेवा: बाळ वर्षाच्या आतलं असेल तर झोपताना त्याच्याजवळ सुटी गोधडी, उशी किंवा मऊ खेळणं ठेवू नका, श्वास कोंडू शकतो. तेव्हा ते कापड आईनं स्वतःच्या खांद्यावर ठेवावं आणि बाळाला त्यावर घ्यावं.

नातेवाइकांच्या भेटी? त्या घ्याव्यात, आभार मानावेत आणि कपाटात ठेवाव्यात. आठवड्याला एक बाहेर काढावी. सोनं लॉकरमध्ये. ज्यांना फारच काही करायचं आहे त्यांनी सव्वा महिना रोज एक वेळचा डबा पाठवावा. आईला स्वयंपाकघरातून सोडवणं ही या दिवसांत सोन्याहून मोठी भेट आहे.

आता दिनक्रम. इथे आपल्या घरातल्या बायकांचा घोळ होतो, कारण आपल्याला पहिल्या दिवसापासून "आपल्या घरचं वळण" लावायची घाई असते. बहिणीनं उलटं केलं. संस्थेतल्या मावशीजवळ तासभर बसून तिनं मुलीचा दिवस लिहून घेतला. साडेसहाला उठते. सातला दूध, स्टीलच्या पेल्यातून, कोमट, साखर घातलेलं. साडेअकराला मऊ वरणभात. बारा ते अडीच झोप. चारला दूध-बिस्कीट. साडेसहाला जेवण. साडेआठला पुन्हा थोडं दूध. नऊला झोप, दिवा चालू, पालथी. हा कागद फ्रिजवर लावला आणि पंधरा दिवस तसाच पाळला. पंधरा दिवसांनी एका वेळी एकच गोष्ट बदलायला घेतली: आधी दुधातली साखर थोडी थोडी कमी, ती अंगवळणी पडली की मग बिस्किटाऐवजी फळ.

तुम्हाला बारीक वाटेल, पण पेलासुद्धा बदलू नका. दूध एकाएकी बदललं की पोट बिघडतं, आणि भांडं बदललं की मूल पीत नाही. मग आपण समजतो की त्याला भूक नाही.

साडेआठच्या दुधावर घरात पहिली ठिणगी पडली. घर चौविहार पाळणारं. दिवस डिसेंबरचे, सहाच्या सुमाराला सूर्यास्त. सासूबाईंचं म्हणणं, मुलीचं जेवण सूर्यास्ताआधी आटपा, लहानपणापासून सवय लागली तर आयुष्यभर टिकते. माझं मत मी स्पष्ट सांगते, कुणाला पटो न पटो. व्रत घेणाऱ्याचं असतं. पच्चक्खाण आपण स्वतः घेतो, स्वतःच्या तोंडानं, समजून. हे मूल काही पच्चक्खाण घेऊन आलेलं नाही. ते आजवर साडेआठला दूध पिऊन झोपत होतं, आणि रात्री भुकेनं जागं झालं तर त्याला एवढंच कळणार की या घरात रात्री मागितलं तरी मिळत नाही. अहिंसेचं नाव घेणाऱ्या घरानं दोन वर्षांच्या पोराला उपाशी झोपवायचं, हे मला कुठल्याही शास्त्रात बसवता येत नाही. जेवणाची वेळ रोज दहा-दहा मिनिटं अलीकडे आणता येते, तीही महिन्याभरानं. दूध मात्र मूल स्वतः मागायचं थांबेल तेव्हाच थांबवावं.

कंदमुळांचा प्रश्न त्यामानानं सोपा आहे. संस्थेत मुलांना बहुधा उकडलेल्या बटाट्याचा भात भरवतात. बटाटा घरात येत नसेल तर कच्चं केळं उकडून, तूप-मीठ घालून कुस्करा. तोंडात त्याचा मऊपणा जवळजवळ तसाच लागतो, आणि आपल्या स्वयंपाकघरात ते असतंच. काही संस्थांत अंडंही देतात. मुलानं त्याचं नाव काढलं तर चेहरा वाकडा करू नका, "शी" म्हणू नका. "इथे आपण हे खातो" म्हणून मुगाचं घट्ट वरण, पनीर, दही पुढे ठेवा. मुलाच्या जुन्या ताटाची किळस केली, की त्याला ती स्वतःची किळस वाटते.

पहिल्या दिवशी मुलगी तीन वाट्या वरणभात न थांबता जेवली. सगळ्यांना कौतुक वाटलं. तिसऱ्या दिवशी उशीखाली पोळीचे तुकडे सापडले, आणि कुणीतरी म्हणालं, "चोरून ठेवते!" अहो, जिथे जेवण घड्याळाप्रमाणे येतं आणि ताट उचललं की संपतं, तिथे वाढलेलं मूल साठवणारच. बहिणीनं तुकडे रागानं काढून टाकले नाहीत. एका झाकणाच्या डबीत मऊ पोळीचा तुकडा आणि अर्धं केळं ठेवून ती डबी मुलीच्या हाताला येईल अशी खालच्या फळीवर ठेवली, आणि दिवसातून चारदा ताजी भरली. जेवताना ताट लहान घेतलं, वाढायचं थोडं थोडं, पण "बस झालं" म्हणायचं नाही. घास गालात धरून ठेवलेला असेल तर झोपवण्याआधी तेवढा मात्र तपासायचा, नाहीतर घशात अडकतो. दोन आठवड्यांनी डबी संध्याकाळी भरलेलीच राहायला लागली. उलट्या झाल्या असत्या, पोट फुगलं असतं किंवा जुलाब थांबले नसते तर डॉक्टर लागले असते. तसेही पहिल्या आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना संस्थेचा वैद्यकीय अहवाल आणि लसीकरणाची नोंद घेऊन एकदा भेटावंच.

अंघोळीला ती किंचाळली. ओळीत बसवून मगानं डोक्यावरून पाणी ओतायची तिला सवय होती, आणि तीच भीती होती. पहिले तीन दिवस ओल्या पंचानं पुसलं. चौथ्या दिवशी आईनं स्वतः पाटावर बसून आधी स्वतःच्या पायावर पाणी घेतलं, मग तिच्या हातात मग दिला. आठवड्यानं ती स्वतःच आईच्या पायावर पाणी ओतत होती. डोक्यावरून मात्र बरेच दिवस घेतलं नाही.

झोपेचंही तसंच. आपण प्रेमानं वेगळी खोली सजवतो, अंधार करतो, दार ओढून घेतो. दहा-बारा मुलांच्या आवाजात आणि उजेडात झोपलेल्या मुलाला ती शांतता भयाण वाटते. बहिणीनं जमिनीवर गाद्या घातल्या, झिरोचा दिवा ठेवला आणि मुलीचा हात पोहोचेल एवढ्या अंतरावर स्वतः झोपली. रोज त्याच वेळी, त्याच चालीत हळू आवाजात नवकार म्हणायची. मुलीकडून म्हणवून घ्यायची नाही. पाहुण्यांसमोर "म्हणून दाखव गं" तर मुळीच नाही. तिसऱ्या आठवड्यात नवकार सुरू झाला की मुलगी आपणहून गोधडी ओढून आडवी व्हायला लागली. संस्कार म्हणतात तो असा लागतो.

आता सर्वांत कडू गोष्ट, आपल्या आज्या-आत्यांसाठी. पहिले सहा आठवडे भरवणं, अंघोळ, झोपवणं आणि रडल्यावर उचलणं ही चार कामं फक्त आई-बाबांनी करावीत. आजीनं नाही, आत्यानं नाही, कामवाल्या ताईंनीही नाही. संस्थेत पाळ्या बदलतात, माणसं बदलतात. मूल शिकतं की जो समोर आहे त्याच्याकडे हसून जायचं. "कुणाकडेही जाते" हे कौतुक नाही मैत्रिणींनो. तिला अजून तिचं असं कुणी कळलेलं नाही, याची ती खूण आहे. तुम्ही तिला कडेवर घेऊन खाऊ दिलात की ते कळणं तुम्ही लांबवता. खाऊ द्यायचा असेल तर आईच्या हातात द्या. उचलून घ्यायला तिनं हात पुढे केले तर गोड बोला आणि "आई कुठंय?" म्हणून तिला आईकडे वळवा. आजीचं काम या दिवसांत मोठं आहे: दार सांभाळणं. बाळंतिणीच्या दारात उभी राहते तशीच इथे उभी राहा. नोकरीमुळे आईला इतके दिवस थांबता येत नसेल तर बाबांनी रजा घ्यावी. हात दोनच माणसांचे असावेत, एवढंच महत्त्वाचं.

नावाचीही घाई नको. बारशाला आत्यानं कानात नवं नाव सांगितलं म्हणून मूल बदलत नाही. सव्वादोन वर्षांच्या मुलीजवळ स्वतःचं म्हणून तिचं नावच उरलेलं असतं. बहिणीनं पहिला महिना जुन्याच नावानं हाक मारली, मग दोन्ही नावं जोडून. जुनं नाव आजही घरातलं लाडाचं नाव आहे.

आणि सुधारणा कशी ओळखायची? इथे आपले अंदाज नेमके उलटे पडतात. पहिला आठवडा मुलगी रडली नाही, सगळे म्हणाले, रुळली. नवव्या रात्री ती उठून तासभर रडली, सगळे म्हणाले, बिघडलं, नजर लागली. खरं तर आधी ती घाबरून गप्प होती. रडून काही उपयोग होत नाही हे ती शिकून आली होती, आणि नवव्या रात्री तिला पहिल्यांदा वाटलं की रडलं तर कुणीतरी येईल. त्या रडण्याला उत्तर द्यायचं असतं, दर वेळी, त्याच माणसानं. काही आठवडे उलटूनही मूल कुणाकडेच वळत नसेल, नजर देत नसेल, सतत स्वतःलाच डोलवत किंवा डोकं आपटत असेल, तर मात्र "होईल हळूहळू" म्हणत बसू नये. संस्थेच्या समाजसेविकेला आणि डॉक्टरांना सांगावं. आदेशानंतरही पाठपुराव्याच्या भेटी होतात, त्या याचसाठी. त्यांच्यापुढे सगळं छान आहे असं दाखवण्यात आपलाच तोटा आहे.

मग सोहळा करायचाच नाही का? करा ना! आदेश हातात येऊ द्या, आणि मूल तयार आहे का ते बघा. तेहतिसाव्या दिवशी ती मुलगी अंगणात पडली. समोर आत्या होती, हात पसरून. मुलगी तिच्या बाजूनं निघून रडत सरळ स्वयंपाकघरात आईकडे गेली. आत्याला क्षणभर वाईट वाटलं, पण सगळ्या घरानं ज्याची वाट पाहिली होती ते हेच होतं. त्यानंतर आठ दिवसांनी तिला पहिल्यांदा मंदिरात नेलं, दुपारच्या शांत वेळी, घंटा न वाजवता, आईच्या कडेवर. जेवणावळ आणखी दोन महिन्यांनी झाली, चाळीस माणसांची, दीड तासात आटोपलेली. त्या दिवशी ती कुणाकडेही गेली नाही. आईच्या पदराआडून सगळ्यांकडे बघत होती, आणि हातात गोधडीचा तुकडा होता.